स्टेट मशीनचे आउटपुट रजिस्टर केले, ग्लिच गेला, पण आता तीन नंबर म्हटलं की चार नंबरचा व्हॉल्व्ह उघडतो

संत्रावाला_वरुड

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितो कारण अर्धवट सांगितलं की अर्धवटच उत्तर येतं.

घरची संत्र्याची बाग आहे वरुड तालुक्यात. उंचावर टाकी बांधलेली आहे, तिच्यातून ग्रॅव्हिटीने ड्रिपला पाणी जातं. सात व्हॉल्व्ह आहेत आणि आठवा रिले विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला आहे, म्हणजे तो क्षणभर लागला की कॉन्टॅक्टर ओढतो आणि स्वतःला धरून ठेवतो, बंद करायला टाकीतला फ्लोट आहे. हे सगळं आधी अर्डुइनोवर होतं, कॉलेजात व्हेरिलॉग शिकल्यावर टँग नॅनो ९के बोर्डवर आणलं. बोर्डपासून दीड फूट रिबन केबल, पुढे ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टर (३.३ व्होल्टवरच चालवतोय), मग यूएलएन२८०३ नि रिले. दर सेकंदाला आठ बिट्स नव्याने पाठवतो.

प्रॉब्लेम असा होता की एखादा व्हॉल्व्ह चालू असताना मधेच भलताच रिले टिक करायचा, दिवसातून तीनचार वेळा, कधी एकदाही नाही. सगळं बंद असलं की काहीच नाही. मागच्या महिन्यात रात्री तीन नंबरच्या व्हॉल्व्हवर पाणी सोडून झोपलो आणि दोन वाजता मोटर आपोआप चालू, विहिरीत तळाला हातभर पाणी. बाबांना आवाज आला म्हणून वाचली.

कोड असा होता:

```verilog
localparam IDLE=2'b00, LO=2'b01, HI=2'b10, LATCH=2'b11;
assign srclk = (state == HI);
assign rclk  = (state == LATCH);
assign ser   = shreg[7];
```

`LO` मधे बिट मांडायचा, `HI` मधे ५९५ ला क्लॉक द्यायचा, `HI` मधून निघताना `shreg` एक घर सरकवायचा, असं आठ वेळा, मग `LATCH`. सगळं `tick` वर चालतं, दर ५ मिलिसेकंदाला एक (अर्डुइनोत `delay(5)` होतं तेच ठेवलं, २७ मेगाहर्ट्झला १,३५,००० मोजून).

वाचलं की आउटपुट रजिस्टर करा, म्हणून असं केलं:

```verilog
always @(posedge clk)
  if (tick) begin
    srclk <= (state == HI);
    rclk  <= (state == LATCH);
  end
```

भलती टिकटिक चार दिवस झाले पूर्ण बंद. पण आता तीन नंबर चालू कर म्हटलं की चार उघडतो. सात म्हटलं तर मोटर!! सध्या मोटरच्या रिलेची वायरच काढून ठेवली. आणि गंमत म्हणजे कधीमधी बरोबर पण चालतं. हा तो एक सायकलचा डिले आहे का, आणि तो काढला तर ग्लिच परत येणार का?

ब्रेडबोर्ड_अकोला

भाऊ तुझं मूळ निदानच चुकलं असं मला वाटतं. दीड फूट रिबन केबल, त्यात `srclk` आणि `rclk` शेजारी शेजारी असणार, एका तारेवर कडा आली की दुसरीवर टोचा उमटतो. क्रॉसटॉक म्हणतात याला. मी रिले बोर्डात हे दहा वेळा पाहिलंय. मधे एक ग्राउंडची तार घाल, `rclk` वर ५९५ जवळ १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर ठोक, आणि कोड होता तसा ठेव. कोडात काही वाईट नव्हतं, सिम्युलेशन केलं असशील तर त्यात पण दिसला नसेल ग्लिच.

आणि कोडच बदलायचा असेल तर स्टेटचे नंबर ग्रे कोडमधे दे, विषय संपला, रजिस्टर नको नि डिले पण नको.

संत्रावाला_वरुड

सिम्युलेशनमधे खरंच नव्हता दिसला. आणि स्वस्तातला लॉजिक ॲनालायझर लावला होता दोन दिवस, त्यात पण `rclk` स्वच्छ.

तरंग_नागपूर

सिम्युलेशनमधे दिसणारच नाही, कारण तिथे `state` चे दोन्ही बिट एकाच क्षणी बदलतात, वायरिंगचा डिले शून्य धरलेला असतो. आणि तो स्वस्त ॲनालायझर जास्तीत जास्त २४ मेगाहर्ट्झने बघतो, म्हणजे दर ४२ नॅनोसेकंदाला एकदा डोळा उघडतो. दोनतीन नॅनोसेकंदाचा टोचा त्याच्या दोन नजरांमधून निसटून जातो. त्यामुळे या दोन्हींवरून ग्लिच नाही असं म्हणता येत नाही.

आता तुझे स्टेटचे नंबर बघ. `LO` म्हणजे `01`, `HI` म्हणजे `10`. एकातून दुसऱ्यात जाताना दोन्ही बिट बदलतात आणि ते दोन बिट ज्या छोट्या लॉजिकमधून `rclk` बनवतात तिथपर्यंत दोघांचे रस्ते सारखे लांब नसतात. समज वरचा बिट आधी पोचला. `01` चा क्षणभर `11` होतो, मग `10`. आणि `11` म्हणजे तुझा `LATCH`! म्हणजे प्रत्येक बिट ढकलताना `rclk` ला लहानसा टोचा बसायची संधी आहे. परत येताना `10` ते `01` मधे तोच वरचा बिट आधी पडतो, मधे `00` दिसतं, तिथे काहीच नाही. म्हणून टोचा दोन्ही बाजूला नाही, फक्त `srclk` वर जाताना येतो. अकोल्याचे दादा म्हणतात तसा तो क्रॉसटॉकसारखाच दिसणार, कारण वेळ तीच आहे. दोन्हींत फरक करायचा तर वेगळी युक्ती लागेल, ती खाली सांगते.

इतका बारीक टोचा ५९५ ला दर वेळी कळत नाही, त्याचे इनपुट एवढे चपळ नसतात, पिनचा ड्रायव्हर नि केबल पण तो थोडा खाऊन टाकतात. पण मोज ना, एका फ्रेममधे आठ वेळा, दिवसात ८६,४०० फ्रेम, म्हणजे जवळपास सात लाख संधी. त्यातल्या तीनचार लागल्या की तुझी टिकटिक झाली.

आणि सगळं बंद असताना का होत नव्हतं तेही यातच आहे. अर्धवट सरकलेला पॅटर्न लॅच होतो. तीनचा बिट चालू असेल तर सरकत सरकत तो चार, पाच असा वर जातो, पाच ढकलण्यांनंतर तो आठव्या घरात असतो, म्हणजे मोटरवर. तिथे टोचा लागला तर खरा `LATCH` येईपर्यंत मोटरचा रिले लागून राहणार, तुझ्या ५ मिलिसेकंदाच्या हिशोबाने ३० मिलिसेकंदाच्या आसपास. कॉन्टॅक्टरला ओढायला तेवढं पुरू शकतं. सगळे बिट शून्य असतील तर अर्धवट सरकलेलं शून्य पण शून्यच. तुझं वर्णन या निदानाशी अगदी जुळतं.

मोटरवाले_काका

पोरा मी तीस वर्षं स्टार्टर पॅनल भरतो, मले त्या कोडातलं काही समजत नाही पण एक विचारतो. एक सायकल उशीर म्हणजे ड्रिपची एक पाळी उशिरा काय? संत्र्याच्या आंबिया बहाराले पाळी चुकली तर फळं गळतात, मंग असा उशीर तू कसा काय चालवून घेतो? तेवढ्यासाठी टायमर लाव नं साधा.

संत्रावाला_वरुड

काका नाही नाही, पाण्याची पाळी नाही ती. बोर्डच्या आतल्या घड्याळाचा एक ठोका, एका सेकंदात दोन कोटी सत्तर लाख ठोके पडतात, त्यातला एक. झाडाला काही फरक नाही. फरक पडतोय तो पाठवलेले बिट एकमेकांच्या मागेपुढे झाल्यामुळे, असं मला वाटतंय.

तरंग_नागपूर

बरोबर वाटतंय तुला, आता तेच बघू. आणि काकांचा प्रश्न वाटतो तितका बाजूचा नाही, कारण तू जो उशीर विकत घेतलास तो ठोक्याचा नाहीच. `if (tick)` च्या आत रजिस्टर ठेवल्यामुळे तुझा एक सायकल ३७ नॅनोसेकंदाचा न राहता पूर्ण ५ मिलिसेकंदाचा झाला. पैसे द्यायचे होते एक, तू दिलेस १,३५,०००.

ते पण चाललं असतं, पण तू फक्त `srclk` आणि `rclk` ला मागे ढकललं, `ser` ला नाही. कागदावर मांड. आधी `srclk` वर जायचा `LO` मधून `HI` मधे जाताना, तेव्हा `ser` ५ मिलिसेकंद आधीपासून स्थिर आणि पुढे ५ मिलिसेकंद स्थिर. आता `srclk` एक `tick` उशिरा वर जातो, म्हणजे `HI` मधून बाहेर पडताना. आणि बरोबर त्याच ठोक्याला तू `shreg` सरकवतोस. ५९५ ला क्लॉकची कडा आणि बदलता डेटा एकाच वेळी मिळतात. तारांमधला एखाददुसरा नॅनोसेकंदाचा फरक ठरवतो की जुना बिट गेला की पुढचा.

पुढचा गेला तर पहिला बिट कायमचा हरवतो, सगळे एक घर वर सरकतात आणि शेवटी सरकवताना आत आलेला शून्य जातो. म्हणून तीनचा चार, सातचा आठ. आठ नंबर चालू केलास तर काहीच उघडणार नाही, करून बघू नकोस पण असं होईल. आणि जुना गेला तर सगळं बरोबर, तुझं "कधीमधी बरोबर" ते हेच.

संत्रावाला_वरुड

अरे देवा. हो, आठ म्हटलं की काहीच होत नव्हतं, मी समजलो तो रिले गेला, नवीन पण आणला. ताई मग `ser` पण त्याच `if (tick)` मधे रजिस्टर करू का, तिघं एकत्र मागे जातील?

तरंग_नागपूर

चालेल. तिघं एकत्र मागे गेले की आपापसातलं अंतर आधीसारखंच राहतं, बाहेरच्या चिपला उशीर झाला हे कळत पण नाही. फक्त एक बघ, "फ्रेम पाठवून झाली" असं सांगणारा काही सिग्नल तू `state == IDLE` वरून काढत असशील तर तो आता एक `tick` आधी बोलतोय, पिनवर `rclk` अजून वरच असतो. त्यावर विसंबून लगेच काही केलंस तर तिथे फसशील.

दुसरा रस्ता सगळ्यात सोपा, `if (tick)` काढून टाक. आउटपुट दर ठोक्याला रजिस्टर होऊ दे. मग `srclk` फक्त ३७ नॅनोसेकंद मागे, आणि `ser` तर अजून ५ मिलिसेकंद हलणार नाही, त्यामुळे `ser` ला हात लावायची गरजच नाही. तो तसाही सरळ फ्लॉपमधून येतो, त्याच्यात ग्लिच नाही. पुढच्या ठोक्याला फ्लॉप बघतो तोवर आतला टोचा कधीच विरून गेलेला असतो.

तिसरा रस्ता मला स्वतःला आवडतो, त्यात मशीनच्या तुलनेत उशीर शून्य:

```verilog
always @(posedge clk)
  if (tick) begin
    state <= next;
    srclk <= (next == HI);
    rclk  <= (next == LATCH);
  end
```

आत्ताच्या स्टेटवरून आउटपुट काढायचं नाही, पुढच्या स्टेटवरून काढायचं आणि स्टेटबरोबरच फ्लॉपमधे घालायचं. `state` `HI` होतो त्याच ठोक्याला `srclk` पण वर. तुझ्या जुन्या कोडची वेळ जशीच्या तशी परत, फक्त पिनच्या तोंडाशी लॉजिकऐवजी फ्लॉप. रिसेट असेल तर या दोन फ्लॉपना पण रिसेट दे, स्टेट `IDLE` ला जाऊन `rclk` वरच राहिला असं नको.

हे पण फुकट नाही. आधी एका ठोक्यात फक्त पुढची स्टेट ठरवायची होती, आता ती ठरवून तिची तुलना पण त्याच ठोक्यात पूर्ण व्हायला पाहिजे. तुझ्याकडे ३७ नॅनोसेकंद आहेत, चार स्टेट आहेत, काळजी नको. दोनशे मेगाहर्ट्झ आणि चाळीस स्टेट असत्या तर टायमिंग रिपोर्टमधे हाच रस्ता सगळ्यात वर लाल दिसला असता, आणि तिथे लोक मुकाट्याने एक ठोका उशीर घेतात.

ब्रेडबोर्ड_अकोला

ग्रे कोडचं कोणी बोललंच नाही. `IDLE` `00`, `LO` `01`, `HI` `11`, `LATCH` `10`. प्रत्येक उडीत एकच बिट बदलतो, मी कागदावर तपासलं. मग मधली चुकीची स्टेट येणारच कुठून?

तरंग_नागपूर

दादा, या चार स्टेटच्या मशीनला तुमचं म्हणणं पूर्ण खरं आहे, मीही तपासलं. एका वेळी एकच इनपुट बदलला तर एफपीजीएचं लूकअप टेबल टोचा देत नाही, आणि तुमच्या क्रमात `LATCH` ते `IDLE` पण एकाच बिटात होतं. माझी हरकत पुढच्या बदलाला आहे. उद्या संत्रावाल्याला मधेच फ्रेम सोडून द्यायची सोय लागली, `HI` मधून सरळ `IDLE`. तुमच्या नंबरांत ती उडी `11` ते `00`, दोन बिट, आणि मधे `10` लागू शकतो, तोच `LATCH`. ज्या माणसाने ती एक ओळ वाढवली त्याला हे आठवणार नाही की नंबरांच्या क्रमावर बाहेरची चिप अवलंबून होती.

दुसरं म्हणजे सिंथेसिस टूल तुमचे नंबर स्वतःच बदलू शकतं, वन-हॉट करू शकतं, आणि तसं केलं की तुम्ही लिहिलेला क्रम उरतच नाही. वन-हॉटमधे `LATCH` चा एकच बिट सरळ पिनवर गेला तर छानच, पण एखादं आउटपुट दोन स्टेटमधे वर राहायचं असेल तर ते दोन बिटांचं ऑर होतं आणि एका स्टेटमधून दुसरीत जाताना त्याच्यात खाली खड्डा पडू शकतो. फ्लॉपमधून काढलेलं आउटपुट या सगळ्यातून मोकळं, टूलने आत काहीही केलं तरी.

कपॅसिटरचं मात्र मला पटत नाही. क्लॉकच्या पिनवर कडा मंद केली की ती मधल्या व्होल्टेजवर जास्त वेळ रेंगाळते आणि थोड्या आवाजानेही दोनदा ट्रिगर होऊ शकते. एक रोग घालवताना दुसरा लागतो.

प्रयोगशाळा_यवतमाळ

मी इथे माझा अनुभव टाकतो कारण उशीर नेहमी असा स्वस्तात सुटत नाही. आमच्या मुलांच्या प्रोजेक्टमधे कॅमेऱ्याचा डेटा फिफोत भरायचा होता. मुलीने शिकवल्याप्रमाणे राइट एनेबल रजिस्टर केलं, मीच सांगितलं होतं तिला सगळे आउटपुट रजिस्टर कर म्हणून. चित्र आलं पण अधूनमधून एखादा पिक्सेल गायब आणि मग पूर्ण ओळ सरकलेली. आठवडा गेला आमचा. कारण एवढंच निघालं की फिफो भरला हे कळल्यावर आमचं एनेबल एक ठोका उशिरा खाली जायचं, तेवढ्यात आणखी एक पिक्सेल भरलेल्या फिफोवर आपटून वाया.

तिथे `next` वाली युक्ती लागू झाली नाही, कारण आउटपुट फक्त स्टेटवर नव्हतं, त्याच ठोक्याच्या इनपुटवर पण होतं. शेवटी फिफो पूर्ण भरायच्या एक घर आधीच थांबायचं असं केलं. आता प्रश्न असा, की तिथे मुळात रजिस्टर करायची गरज होती का? फिफो पण त्याच क्लॉकवर होता.

तरंग_नागपूर

सर, तिथे गरज नव्हती. घेणारा फ्लॉप त्याच क्लॉकवर असेल आणि टायमिंग पास होत असेल तर मधल्या टोच्यांकडे तो बघतच नाही, कडा येईपर्यंत सिग्नल शांत झाला की पुरे. ग्लिच घातक तिथे जिथे समोरचा कडेकडे किंवा पातळीकडे सतत डोळे लावून बसलेला आहे. ५९५ चा क्लॉक, एखाद्या फ्लॉपचा असिंक्रोनस रिसेट, बाहेरच्या एसरॅमचं राइट एनेबल, किंवा दुसऱ्या क्लॉकवर जाणारा सिग्नल, कारण त्या दुसऱ्या क्लॉकची कडा नेमकी टोच्यावर पडू शकते. मोठ्या डिझाइनमधे टायमिंगसाठी रजिस्टर करतात ती गोष्ट वेगळी, पण मग तुम्ही केलं तसं एक घर राखून ठेवावंच लागतं. इनपुटवर त्याच ठोक्याला उत्तर द्यायचं असेल तर फ्लॉप मधे आला की तो ठोका गेलाच, तो परत मिळवायची युक्ती नाही.

संत्रावाला_वरुड

मग माझ्या पुढच्या गोष्टीचं काय? विहिरीत पाणी कमी झालं की सेन्सर येतो, तेव्हा मोटर थांबवायचा वेगळा रिले लावणार आहे. तो `(state == RUN) & ~dry` असा सरळ लिहिला होता, सेफ्टीची गोष्ट आहे म्हणून एक ठोका पण उशीर नको. हा तसाच ठेवू का?

तरंग_नागपूर

नको. तो सेन्सर तुझ्या क्लॉकला विचारून येत नाही, त्यामुळे त्याला आत घेताना दोन फ्लॉप लागतातच, आउटपुटचा तिसरा. तीन ठोके, १११ नॅनोसेकंद. कॉन्टॅक्टर सुटायलाच मिलिसेकंद लागतात. उलट सरळ ठेवलास तर शेतातल्या लांब तारेवरचा प्रत्येक खडखडाट थेट रिलेच्या पिनपर्यंत जाईल.

मोटरवाले_काका

आता माह्या कामाचं बोलणं आलं. पोरा, मोटर बंद करायची गोष्ट त्या चिपवर सोडूच नको. ड्राय रनचा कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या लाइनीत सिरीजमधे टाक, एनसी, जसं स्टॉपचं बटन असते नं, तसं. पाणी संपलं की कॉइलची लाइन तुटते, तुह्या बोर्डाले लकवा मारला तरी मोटर सुटते. बोर्डाले फक्त कळव की बा बंद झाली. ते उशीरफिशीर तुमचं तुम्ही पाहा, पण हे आधी कर.

तरंग_नागपूर

काकांचं ऐक, माझ्या वरच्या उत्तरापेक्षा हे आधी.

आणि ते वचन दिलेलं राहिलं, क्रॉसटॉक की ग्लिच. जुना कोड परत टाक, रिलेचं बारा व्होल्ट काढून. `rclk` च्या पिनवर एक ७४एचसी३९३ काउंटर लाव. `srclk` ची तार बोर्डच्या बाजूनेच उपसून टाक म्हणजे केबलमधे तिची कडा राहणारच नाही. एका फ्रेमला एक मोजायला पाहिजे. जास्त मोजलं तर टोचा चिपच्या आतून येतोय. जास्त नाही मोजलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, काउंटरला न दिसणारा टोचा ५९५ ला दिसू शकतो.

संत्रावाला_वरुड

काकांचं काम काल केलं, कॉइलमधे सिरीज, बोर्डची वायर उपसून तपासलं, मोटर सुटते.

३९३ नागपूरहून सीताबर्डीतून मित्राकडून मागवला होता, आज आला. दोन्ही अर्धे जोडून आठ बिट केले, २५६ ला परत शून्य. जुना कोड, एक तास, ३,६०० फ्रेम, म्हणजे शेवटी १६ दिसायला पाहिजे.

`srclk` ची तार काढून: १९. तीन जास्तीचे.

`srclk` ची तार लावून, बाकी सगळं तेच: ३१. पंधरा जास्तीचे!

`next` वाला कोड, तार लावून: १६. विश्वास बसेना म्हणून रात्रभर ठेवलं, आठ तास, २८,८०० फ्रेम, १२८ यायला पाहिजे होतं आणि १२८ च आलं.

व्हॉल्व्ह पण सगळे बरोबर नंबरचे, आठही तपासले. नवीन आणलेला रिले परत डब्यात.

ब्रेडबोर्ड_अकोला

बघ, तार लावली की पाचपट झाले. मी म्हणत होतो तारेचं काहीतरी आहे.

तरंग_नागपूर

दादा, तार काढूनही तीन आले म्हणजे मूळ आतच आहे हे नक्की. पण तारेने वाढतात हेही खरंच दिसतंय. माझा अंदाज असा की टोचा एकटा बहुतेक वेळा काउंटरच्या उंबरठ्याच्या थोडा खाली राहतो आणि शेजारच्या कडेचा धक्का त्याच क्षणी मिळाला की वर चढतो. नुसता क्रॉसटॉक असता तर `next` वाल्या कोडमधे पण काही मोजले गेले असते, कारण `srclk` ची कडा तिथेही तेवढीच आहे. अर्थात `next` वाल्या कोडमधे पिनांची आतली जागा बदलली असेल तर तुलना पूर्ण चोख नाही. संत्रावाल्या, जुना कोड आणि मधे ग्राउंडची तार, असं एकदा मोजशील का? मलाही बघायचंय.

संत्रावाला_वरुड

करतो ताई. पण आता तीन दिवस रात्रपाळीची लाइन आहे, पाणी द्यायचंय, बोर्ड कामावर लावलाय. रविवारी मोजून इथेच टाकतो.

प्रयोगशाळा_यवतमाळ

१९ आणि ३१ चे आकडे मी मुलांना उद्या फळ्यावर मांडून दाखवणार, चालेल ना? आणि एक, जुना कोड वन-हॉट करून पण एक तास मोज जमलं तर. टूलने खरंच नंबर बदलले की नाही ते सिंथेसिस रिपोर्टमधे बघून सांग.

संत्रावाला_वरुड

चालेल सर. रिपोर्ट पण टाकतो.